लग्नाचा दहावा वाढदिवस घरीच: गाण्यांची यादी ताटाच्या क्रमाने कशी लावायची

दहाव्या वाढदिवसाला बाहेर न जाता घरीच जेवायचं ठरलं की बहुतेक घरांत एकच चूक होते. लग्नाच्या वर्षातली गाजलेली गाणी शोधायची, चाळीस-पन्नास गाण्यांची एक लांब यादी करायची, ती सुरू करायची आणि जेवायला बसायचं. मग दोघांचं खास गाणं लागतं तेव्हा एक जण पुऱ्या तळत असतो. बासुंदी वाढली जाते तेव्हा स्पीकरवर लग्नातला नाच चालू असतो. शेवटी यादी संपते आणि ॲप आपल्या मनाने भलतंच काहीतरी लावून देतं.

इथे एकच जेवण धरून सगळं सांगते, म्हणजे प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते दिसेल. माझे दादा-वहिनी इंदूरला राजेंद्र नगरात राहतात. वहिनीचं माहेर बडोद्याचं. लग्न डिसेंबर २०१५ मधलं, त्यामुळे दहावा वाढदिवस गेल्या डिसेंबरात झाला. घरात सात वर्षांची लेक आहे. गाण्यांचं काम माझ्याकडे होतं.

## १. आधी ताट लिहा, गाणी नंतर (दहा दिवस आधी)

कागदावर पहिली ओळ गाण्याची लिहू नका. त्या रात्री काय वाढायचं, ते कोणत्या क्रमाने यायचं आणि कोण कधी उठणार, एवढंच लिहा. आमचा कागद असा होता:

- आठ ते साडेआठ: गराडू, म्हणजे इंदूरकडचा तळून खायचा कंद, वर जिरावन मसाला आणि लिंबू.
- साडेआठ ते सव्वानऊ: पुरी, मटार उसळ, कोशिंबीर, मसालेभात.
- सव्वानऊ ते पावणेदहा: ताटं उचललेली, काही खायचं नाही.
- पावणेदहानंतर: बासुंदी.

गराडूचे तुकडे आधी एकदा तळून ठेवता येतात, पण दुसऱ्यांदा तळायचे ते खायच्या वेळीच. पुऱ्याही गरमच हव्यात. म्हणजे पहिला सव्वा तास दोघांपैकी एक जण सारखा उठणार, हे कागदावरच दिसलं. दोघांचे हात एकाच वेळी मोकळे असतील अशी वेळ एकच होती, सव्वानऊ ते पावणेदहा. जुन्या आठवणींची गाणी तिथेच जायला हवीत, हे एकही गाणं निवडण्याआधी ठरून गेलं.

आठवणीचं गाणं लागलं की माणसाला बोलावंसं वाटतं. समोर ऐकणारं कुणी नसेल तर ते गाणं वाया जातं, आणि तेच पुन्हा लावलं तर पहिल्यांदासारखं लागत नाही.

तपासा: तुमच्या कागदावर दोघंही बसलेले आहेत आणि कुणाला उठायचं नाही अशी निदान वीस मिनिटं आहेत का? नसतील तर पदार्थ बदला. पुरीऐवजी पराठे आधी करून ठेवले तरी चालतं.

## २. आठवणी दोघांकडून वेगवेगळ्या घ्या

एकाच बैठकीत दोघांना विचारलं तर ज्याची आठवण पक्की त्याचीच यादी होते आणि दुसरा नुसता मान हलवतो. मी दादाला गाडीत विचारलं, वहिनीला दुपारी फोनवर. कुठलं गाणं आवडायचं, असं विचारू नका. कुठे ऐकलं होतं, बरोबर कोण होतं आणि तेव्हा काय चाललं होतं, हे विचारा. ज्या गाण्यासाठी या तिन्हींची उत्तरं येतात तेच आठवणीचं गाणं. बाकीची फक्त त्या वर्षी लोकप्रिय होती.

दादाची अकरा गाणी निघाली, वहिनीची नऊ. दोन्हींत असलेली फक्त तीन.

पहिलं ‘सूर निरागस हो’. ‘कट्यार काळजात घुसली’ नोव्हेंबर २०१५ मध्ये लागला होता, म्हणजे लग्नाच्या जेमतेम महिनाभर आधी, आणि साखरपुडा झाल्यावर दोघांनी मिळून पाहिलेला तो पहिला चित्रपट. दुसरं ‘गेरुआ’, त्याच हंगामातलं. संगीताच्या रात्री आम्ही बहिणी त्यावर नाचलो होतो. तिसरं ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’. हा चित्रपट एप्रिल २०१६ चा. लग्नातलं गाणं म्हणून शोधलं असतं तर ते कधीच सापडलं नसतं. दोघांच्या मते मात्र त्यांचे पहिले सहा महिने या गाण्यातच आहेत.

ही तीन म्हणजे यादीचा कणा. एकट्याच्या आठवणीतलं प्रत्येकी एक गाणं घ्या, फार तर दोन. वहिनीने ‘पंखिडा तू उडी जाजे पावागढ रे’ हा गरबा मागितला. बडोद्याला कॉलनीच्या गरब्यात ती लहानपणापासून यावर खेळली आहे. दादाने अरुण दाते यांचं ‘शुक्रतारा मंद वारा’ मागितलं. दाते मूळचे इंदूरचे, आणि आमच्या बाबांना त्याचा फार अभिमान होता.

सावधान: ‘२०१५ ची टॉप गाणी’ अशी तयार यादी उघडू नका. त्यातली बरीचशी गाणी तुमच्या ओळखीची असतील, पण तुमची नसतील. जेवताना अशी गाणी ओळीने लागली की आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी कार्यक्रमाला आलोय असं वाटायला लागतं.

## ३. शब्द शेवटपर्यंत वाचा

ही पायरी लोक हमखास गाळतात. चाल गोड, मुखडा पाठ, म्हणून गाणं यादीत जातं आणि अंतरा ऐकताना जेवण थांबतं.

तीन उदाहरणं देते. ‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’ हे नावावरून संसाराचं गाणं वाटतं. प्रत्यक्षात ती डाव अर्ध्यावर मोडल्याची गोष्ट आहे. ‘अगर तुम साथ हो’ चित्रपटात दोघं दुरावत असताना येतं. ‘चन्ना मेरेया’ तर नायक आपल्या आवडत्या मुलीच्या लग्नात, ती दुसऱ्याची होताना गातो. त्यात लग्नाचा मांडव आहे म्हणून अनेक घरांत ते लग्नाच्या वाढदिवसाला वाजतं. तिन्ही गाणी फार सुंदर आहेत. त्यांना या रात्री बोलावू नका, एवढंच.

दुसरी चाळणी दुःखाची. ‘शुक्रतारा’ तसं अगदी प्रसन्न युगुलगीत आहे. पण आमच्या घरात ते बाबांचं गाणं आहे, आणि बाबा आता नाहीत. दादाला ते सगळ्यात शेवटी हवं होतं. मी ते जेवणाच्याही आधी ठेवलं, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर, कणीक मळायच्या वेळी. गेलेल्या माणसाच्या गाण्यानंतर हाताला काम असावं. तेव्हा डोळे भरून आले तरी कणीक मळता येते. शेवटी ठेवलं असतं तर त्यानंतर फक्त झोपणं उरलं असतं.

तपासा: प्रत्येक गाण्याचे सगळे अंतरे एकदा मोठ्याने वाचा. कुठल्याही ओळीवर ‘हे आत्ता नको’ वाटलं तर ते गाणं काढा, मग मुखडा कितीही प्रिय असो.

## ४. आजची गाणी: इथेच खरी मेहनत आहे

जुनी गाणी तासाभरात जमतात. आजची सुचता सुचत नाहीत. वहिनी म्हणाली, “अगं, आता आम्ही गाणी ऐकतोच कुठे?” दहा वर्षं झालेल्या बहुतेक जोडप्यांना असंच वाटतं. मग आजच्या जागी बाजारात नुकतंच आलेलं काहीतरी भरलं जातं आणि दोघांपैकी कुणालाच ते आपलं वाटत नाही.

आजचं गाणं म्हणजे नवं गाणं नव्हे. या घरात या वर्षी जे खरोखर वाजतं ते आजचं. ते शोधायचे दोन मार्ग आहेत. एक, फोनवरच्या ॲपमध्ये गेल्या दोन-तीन महिन्यांत ऐकलेल्या गाण्यांची नोंद बघा. दोन, एका रविवारी आणि एका शाळेच्या दिवशी घरात काय लागतं ते कान देऊन ऐका. मी सरळ एका रविवारी पोहे खायला गेले.

त्यातून चार गोष्टी हाती लागल्या. लेकीला शाळेत सोडताना गाडीत ठरलेलं एक गाणं लागतं आणि दादा त्यात मुद्दाम चुकीचे शब्द घालतो. डबा भरताना वहिनी जुनी मराठी भावगीतं लावते. लेक गाण्याच्या क्लासमध्ये ‘या जन्मावर, या जगण्यावर’ शिकली आहे आणि दिवसभर तेच गुणगुणते. या नवरात्रात ती पहिल्यांदा आईबरोबर गरबा खेळली. गाणी जमली, आणि त्यातली बरीचशी आपल्या जन्माच्या आधीची असूनही आजचीच होती.

रविवारी सकाळी दादा कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनंही लावतो. ती मी घेतली नाहीत. ‘उड जाएगा हंस अकेला’ रोजच्या ऐकण्यातलं असलं तरी लग्नाच्या वाढदिवसाच्या ताटाशी ते बसत नाही. तिसऱ्या पायरीची चाळणी आजच्या गाण्यांनाही लावायची असते.

## ५. एक लांब यादी नको, चार छोट्या करा

एका सलग यादीची अडचण अशी की ती घड्याळावर चालते आणि जेवण तसं चालत नाही. तेल तापायला दहा मिनिटं जास्त लागली की पुढचा सगळा क्रम घसरतो. म्हणून प्रत्येक टप्प्याची वेगळी यादी करा आणि टप्पा बदलला की हाताने यादी बदला.

हिशेब सोपा आहे. एक गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं धरलं तर अर्ध्या तासाला सहा-सात गाणी लागतात. पहिल्या दोन याद्यांमध्ये गरजेच्या दीडपट भरा, कारण वाढण्यात वेळ जातो. आठवणींची यादी मात्र नेमकी ठेवा.

पहिली, गराडूची: नुसतं वाद्यसंगीत. संतूर, बासरी आणि गिटारचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७ चा संच इथे छान बसतो, पण तो सुरुवातीपासून लावू नका. त्याची सुरुवात अहिर भैरवने होते, तो सकाळचा राग. रात्रीसाठी भूप, देस आणि पहाडी एवढेच भाग घ्या. ते अर्ध्या तासाला पुरले नाहीत तर याच धाटणीची आणखी एखादी बासरी जोडा.

दुसरी, मुख्य जेवणाची: वहिनीची डब्याच्या वेळची भावगीतं, साधारण पंधरा. ओळखीची, मंद, कुणी मध्येच उठलं तरी काही न बिघडणारी. यात एकही खास गाणं ठेवू नका.

तिसरी, आठवणींची: ताटं उचलल्यावर. आमचा क्रम असा होता:

1. ‘सूर निरागस हो’. गणेशवंदना आहे, त्यामुळे आठवणींची सुरुवात शांतपणे होते.
2. तीन मिनिटांची बासरीची धून.
3. ‘गेरुआ’.
4. सध्याचं शाळेच्या रस्त्यावरचं गाणं.
5. ‘याड लागलं’.
6. पुन्हा छोटी धून.
7. ‘पंखिडा’.

मधल्या धुना बोलण्यासाठी आहेत. पहिलं गाणं संपल्यावर वहिनीला थिएटरातल्या त्या दुपारबद्दल काही सांगायचं होतं. लगेच दुसरं गाणं सुरू झालं असतं तर ते राहून गेलं असतं.

चौथं गाणं लोकांना चुकून पडल्यासारखं वाटतं, पण या यादीतली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे. ओळीने तीन-चार जुनी गाणी लागली की बोलणं ‘तेव्हा किती मजा होती’ वर जातं आणि तिथून ‘आता वेळच मिळत नाही’ वर. मी हे दोन-तीन घरांत होताना पाहिलं आहे. दोन जुन्या गाण्यांनंतर आजचं एक घातलं की बोलणं आपोआप इकडे परत येतं. दादाने चुकीचे शब्द म्हटले, लेकीने ते दुरुस्त केले, आणि पुढचं ‘याड लागलं’ हसतच सुरू झालं.

गरबा शेवटी ठेवायची दोन कारणं होती. तो लागला की माणसं उठतात, म्हणून त्यानंतर बसून ऐकायचं काही ठेवता येत नाही. दुसरं, तो एकाच वेळी जुनाही आहे आणि आजचाही, आईचा बडोद्याचा आणि लेकीचा या वर्षीचा. असं दोन्हीकडचं एक गाणं सापडलं तर त्याची जागा आठवणी आणि गोडाच्या मध्ये.

चौथी, बासुंदीची: फक्त आजची पाच-सहा गाणी, सगळ्यात शेवटी ‘या जन्मावर’.

सावधान: आठवणींची यादी अर्ध्या तासापलीकडे वाढवू नका. वगळलेली गाणी कुठे जात नाहीत, अकरावं वर्ष आहेच.

## ६. गाण्याची नेमकी प्रत आणि फोन (दोन दिवस आधी)

नाव टाकून जे पहिलं दिसेल ते यादीत घालू नका. एकाच गाण्याची मूळ प्रत असते, कार्यक्रमातली टाळ्यांसकट असते, दुसऱ्या कुणी गायलेली असते, रीमिक्सही असते. नाव तेच, पण आठवण मूळ आवाजाला चिकटलेली असते. प्रत्येक गाणं पहिला अंतरा संपेपर्यंत ऐका. फसवणूक बऱ्याचदा सुरुवातीच्या संगीतात कळत नाही.

मग फोन. गाणी डाउनलोड करा. शफल बंद करा, म्हणजे क्रम मोडणार नाही. ऑटोप्ले बंद करा, म्हणजे यादी संपल्यावर परकं काही लागणार नाही. ॲपमध्ये आवाज सारखा ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा. जुन्या भावगीतांचं ध्वनिमुद्रण नव्या हिंदी गाण्यांपेक्षा बरंच हळू वाटतं आणि एकापाठोपाठ एक लागली की दचकायला होतं. फुकटच्या खात्यावर मध्ये जाहिराती येतात, तेव्हा महिनाभराची वर्गणी भरा किंवा ज्याच्याकडे ती आहे त्याचा फोन घ्या.

आदल्या वर्षी दादाकडे ऐन जेवणात स्पीकरवर फोनची रिंग वाजली होती, ऑफिसचा फोन. यंदा फोन विमान मोडवर टाकला आणि त्यानंतर फक्त ब्लूटूथ चालू केलं. गाणी डाउनलोड केलेली असल्यामुळे नेटची गरज पडली नाही.

तपासा: विमान मोडवर चारही याद्यांमधलं प्रत्येक गाणं क्षणभर लावून बघा. सगळी वाजली तर सगळं उतरलं आहे असं समजायला हरकत नाही.

## ७. आवाज त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसून ठरवा

दुपारी ठरवलेला आवाज रात्री चालत नाही. डिसेंबरात इंदूरला रात्री पंखे बंद असतात, खिडक्या लावलेल्या असतात, रस्ता शांत असतो. दुपारी बरोबर वाटलेला आवाज तेव्हा अंगावर येतो. मे महिन्यातला वाढदिवस असेल तर याच्या उलट, कूलर चालू ठेवूनच आवाज लावा.

स्पीकर टेबलावर ठेवू नका. सहा-आठ फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, कपाटावर किंवा स्टुलावर ठेवा. भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला तर खर्ज घुमतो आणि बोलणं अस्पष्ट होतं. मग आदल्या रात्री आठ वाजता दोघांच्या खुर्च्यांवर आळीपाळीने बसा आणि समोरच्याला नेहमीच्या आवाजात ‘कोशिंबीर दे गं’ म्हणा. आवाज चढवावा लागला तर स्पीकरचा आवाज दोन घरं कमी करा. तिसऱ्या यादीला तो एक घर वाढवा, गरब्याला आणखी दोन.

## ८. त्या रात्री

फोन एकाच्याच हातात असू द्या, आणि तो दोघांपैकी एकाच्याही नको. आमच्याकडे हे काम लेकीकडे होतं. तिला चार याद्यांना चार रंग दिले होते आणि एवढंच सांगितलं होतं: ताटं उचलली की लाल, बासुंदीची वाटी आली की हिरवी. तिने एकदाही चूक केली नाही. घरात तिसरं कुणी नसेल तर ठरवून ठेवा की जो वाढायला उठेल तोच येताना यादी बदलेल.

एखाद्या गाण्यावर बोलणं रंगलं तर पुढचं गाणं थांबवा. उरलेली गाणी वाजलीच पाहिजेत असं काही नाही. आमच्याकडे ‘याड लागलं’ नंतर दोघं इतकं बोलत बसले की दुसरी धून संपून गेली, तरी लेक बोट स्क्रीनवर धरून वाट बघत होती. गरबा वीस मिनिटं उशिरा लागला. बासुंदी तोवर गार झाली होती, पण ती थंडही चांगली लागते. ‘या जन्मावर’ लेकीने स्पीकर बंद करून स्वतःच म्हटलं.